मदत हवी आहे: एक्स्ट्रॅक्शन रेट आणि मैद्याचे ग्रेड एकाच तक्त्यात कसे लिहायचे?

नमस्कार मंडळी. मुंबईत फूड टेक्नॉलॉजी करतेय, सिरियल सायन्सचा पेपर तोंडावर आलाय. एक्स्ट्रॅक्शन रेट म्हणजे 100 किलो गव्हातून किती किलो पीठ निघालं ते, आणि राख म्हणजे पीठ जाळल्यावर उरणारी खनिजं. ‘एक्स्ट्रॅक्शन रेट वाढला की पीठ काळपट होतं, राख वाढते’ हे सगळेच लिहितात. चक्कीच्या आट्यापर्यंत ते पटतंही, कारण त्यात कोंडा जवळजवळ सगळाच येतो. पण रोलर मिलच्या ग्रेडवर आलं की माझं गाडं अडतं.

समजा, 100 किलो साफ गव्हातून 72 किलो स्ट्रेट ग्रेड मैदा निघाला, म्हणजे मिलमधले मैद्याचे सगळे प्रवाह एकत्र केलेला, राख 0.50 टक्के. त्यातले स्वच्छ प्रवाह एकत्र करून 80 टक्के पेटंट काढला, म्हणजे 57.6 किलो, राख 0.42. उरलेला 14.4 किलो क्लिअर. राखेचा हिशेब जुळवला तर क्लिअरची राख साधारण 0.82 टक्के येते.

आता गंमत बघा: पेटंटचे 80 टक्के मैद्यावर मोजलेत, गव्हावर नाही. गव्हावर तो 57.6च. आणि क्लिअर गव्हाच्या जेमतेम 14.4 टक्के असूनही सगळ्यात काळपट, कारण तो कोंड्यालगतच्या भागातून येतो. प्रथिनं जास्त, पण ग्लुटेन कमकुवत.

मग क्लिअरपुढे एक्स्ट्रॅक्शन 14.4 लिहायचं, की तो रकाना कोरा ठेवून ‘72 टक्क्यांतला शेवटचा भाग’ म्हणायचं? मला दुसरं बरोबर वाटतं. नाहीतर ‘रेट वाढला की पीठ काळपट’ या वाक्याशी विसंगती दिसते. पेपर तपासणाऱ्या किंवा मिलमध्ये काम केलेल्या कुणी सांगाल का?