प्रतिसाद: पुरवठादारांच्या भेटवस्तूंची मर्यादा प्रत्येक भेटीला की वर्षाला?

> कर्मचाऱ्यांनी पुरवठादारांकडून भेटवस्तू घेण्याच्या नियमातलं ‘वाजवी मूल्याची भेट चालेल’ हे वाक्य काढून प्रत्येक भेटीला कमाल रक्कम ठरवली. एवढं पुरेल का?

नाही पुरणार. समजा मर्यादा १००० आहे आणि एकाच पुरवठादाराने वर्षभरात ९०० च्या चार भेटी दिल्या. प्रत्येक भेट नियमात बसते, पण एकूण ३६०० होतात आणि मर्यादेखालच्या असल्याने नोंद एकीचीही होत नाही. म्हणून मर्यादा ‘एक कर्मचारी, एक पुरवठादार, सलग १२ महिने’ अशी लिहा. पुरवठादाराच्या भगिनी कंपन्या आणि घरच्यांना दिलेल्या भेटी त्याच बेरजेत धरा. रोख रक्कम आणि गिफ्ट कार्ड मात्र कितीही छोटं असो, बंद.

बेरीज करायची तर मर्यादेखालच्या भेटीही नोंदवायला हव्यात. पेन-डायरीपुरती सूट ठेवा, नाहीतर लोक कंटाळून काहीच नोंदवणार नाहीत. ‘लवकरात लवकर कळवावे’ऐवजी ‘पाच कामकाजाच्या दिवसांत, नोंदवहीत’ असं लिहा. नाकारलेली भेटही नोंदवायला लावा. कोणता पुरवठादार कुणाकुणाला चाचपतोय, ते तिथेच दिसतं.

निविदा सुरू असताना मर्यादा शून्य. हा काळ कागदपत्रं जाहीर झाल्यापासून नव्हे, काय खरेदी करायचं त्या गरजेचा मसुदा सुरू झाल्यापासून मोजा, कारण अटी वळवल्या जातात त्या तेव्हाच. जेवणाचं म्हणाल तर, यजमान स्वतः हजर नसेल तर तो पाहुणचार नव्हे, भेट.