मदत हवी आहे: दुधाच्या पाण्यात निळं आकाश दिसतच नाही, सगळं पांढरंफटक होतंय

शुभदा_क
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे आणि शनिवारी तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. विषय तिनेच निवडला: आकाश निळं का आणि मावळता सूर्य लाल का. माशांची दोन फुटी काचेची टाकी घरात रिकामी पडली होती. तिच्यात वीसेक लिटर पाणी भरलं, अर्धी वाटी म्हशीचं दूध घातलं आणि एका टोकाकडून मोबाईलचा टॉर्च मारला. बाजूने बघितलं तर पाणी निळसर आणि पलीकडच्या टोकाला उजेड लालसर दिसेल, असं वाचलं होतं. प्रत्यक्षात सगळंच पांढरं. पलीकडून टॉर्चचा गोळासुद्धा दिसेना. आणखी दूध घातलं, तर आणखीच पांढरं. लेक रडकुंडीला आली आहे. आमचं चुकतंय कुठे?

घाटमाथा
शुभदाताई, टॉर्च एकाच जागी धरून दोन्ही रंग कसे दिसतील? दिवसा हवेत निळा रंग जास्त विखुरतो म्हणून आकाश निळं, आणि संध्याकाळी लाल जास्त विखुरतो म्हणून सूर्य लाल. शिवाय संध्याकाळी धूळ असते. पाण्यात थोडी माती टाकून बघा.

सागरकिनारा
माझाही हाच त्रास आहे. गणपतीपुळ्याला सूर्यास्ताचे फोटो काढतो, डोळ्यांना लालबुंद दिसणारा सूर्य फोटोत फिका पिवळा येतो. मोबाईलची कोणती सेटिंग बदलायची?

प्रकाशवाट
सागरकिनारा, व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून उन्हावर ठेवा आणि एक्सपोजर कमी करा. बाकी त्याचा वेगळा धागा काढा, इथे लेकीचा शनिवार जवळ आलाय.

ताई, माती अजिबात टाकू नका. प्रयोग बरोबर आहे, दूध फार झालंय आणि तेही साईचं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग बरीच वर्षं मांडलाय, आणि पहिल्यांदा करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचं पाणी असंच पांढरं होतं.

गवळ्याने पाणी घातलेलं दूध निळसर दिसतं, हे आपल्या आजीला बरोबर कळायचं. तोच निळा रंग तुम्हाला हवाय. दुधात प्रथिनांचे अतिसूक्ष्म कण असतात, प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान. असे कण निळा प्रकाश जास्त विखुरतात, लाल कमी. स्निग्धांशाचे थेंब मात्र तरंगलांबीपेक्षा मोठे असतात आणि ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. ढग पांढरा दिसतो तोही थेंब मोठे असल्यामुळेच. म्हशीच्या दुधात हे थेंब भरपूर.

दुसरी गोष्ट दाटपणाची. दूध जास्त झालं की निळा किरण एका कणावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा आपटत राहतो. लालही शेवटी कुठेतरी आपटतोच. टाकीबाहेर येईपर्यंत सगळे रंग परत एकत्र होतात आणि पांढरं दिसतं.

तेव्हा टाकी रिकामी करा आणि स्वच्छ पाणी भरा. दूध तापवून, गार करून, साय पूर्ण काढून घ्या. स्किम्ड दुधाचं पाकीट मिळालं तर उत्तमच. खोलीत पूर्ण अंधार करा. चहाचा अर्धा अर्धा चमचा घालून ढवळत जा आणि दर वेळी दोन्हीकडून बघा. बाजूने किरणाचा निळसर पट्टा दिसू लागला, पण पलीकडून टॉर्चचा गोळा अजून स्पष्ट आहे, तिथे थांबा.

खूण सांगतो. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो बाजूने धरून हळूहळू फिरवा. पट्टा एका स्थितीत उजळ आणि पाव फेरा फिरवल्यावर मंद होत असेल, तर मिश्रण जमलं. काहीच फरक पडत नसेल तर दूध जास्त झालंय.

घाटमाथा
पण मग संध्याकाळी लाल विखुरत नाही का? पुस्तकात तर तसंच वाटतं.

प्रकाशवाट
हवेच्या रेणूला सकाळ-संध्याकाळ कळत नाही हो. तो सदासर्वदा निळाच जास्त विखुरतो. संध्याकाळी बदलते ती हवेतली वाट. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याचा प्रकाश माथ्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे ३८ पट हवेतून येतो.

हवा अगदी स्वच्छ धरून हिशेब बघा. सूर्य माथ्यावर असताना निळ्या प्रकाशाचे शंभरातले ८० भाग सरळ आपल्यापर्यंत पोचतात, लालचे ९५. म्हणून सूर्य पांढरा, आणि वाटेत गळलेला निळा आकाशभर पसरलेला. आता हीच गळती ३८ वेळा होऊ द्या. लालचे शंभरातले १४ उरतात आणि निळ्याचे दहा हजारांतले जेमतेम दोन. लाल विखुरला म्हणून सूर्य लाल दिसत नाही, तो कमी विखुरला म्हणून टिकला. आकाशातली लाली म्हणजे हाच उरलेला प्रकाश पुढे ढगांवर, धुळीवर पडून आपल्याकडे वळलेला.

धुळीचं म्हणणं मात्र निम्मं खरं आहे. १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर दूर युरोपातही कित्येक महिने लालभडक सूर्यास्त दिसत होते. ते कण अगदी बारीक होते. जाडी धूळ असेल तर सगळंच मळकट होतं.

निवृत्त_मास्तर
सगळं पटलं, पण एक शंका कायम आहे. जांभळ्याची तरंगलांबी निळ्याहून कमी. मग आकाश जांभळं का नाही?

प्रकाशवाट
सर, सूर्यप्रकाशात जांभळा मुळात निळ्यापेक्षा कमी असतो आणि आपले डोळेही त्याला कमी दाद देतात. आकाशातून जांभळा येतो, पण निळ्या-हिरव्यात मिसळून, आणि त्या मिश्रणाला मेंदू फिका निळा म्हणतो.

निवृत्त_मास्तर
डोळ्यांचं कारण मला पुरेसं वाटत नाही. इंद्रधनुष्यात जांभळा दिसतोच की. विचार करतो.

शुभदा_क
मंडळी, जमलं! साय काढलेलं दूध, अर्धा अर्धा करत तीन चमचे गेले. टॉर्चजवळ पट्टा अगदी विझत्या गॅसच्या ज्योतीसारखा निळसर, पुढे पुढे फिका, आणि पलीकडच्या काचेतून गोळा पिवळा-नारिंगी. लेक पाच मिनिटं गॉगल फिरवत बसली होती. पण गोळा लाल काही होत नाही. चौथा चमचा घातला तर तो धूसर व्हायला लागला, म्हणून थांबलो.

प्रकाशवाट
छान! लाल न होण्यात टॉर्चचाही दोष आहे. मोबाईलच्या एलईडीत निळा भरपूर आणि गडद लाल फारच थोडा, मग शेवटी उरणार काय? हॅलोजनचा दिवा किंवा जुनी बल्बवाली बॅटरी लावून बघा. गोळा लालीकडे झुकेल, पण त्या प्रकाशात निळा कमी म्हणून बाजूचा पट्टा फिका पडेल. प्रदर्शनात दोन्ही ठेवा. हॅलोजन तापतो, काचेला टेकवू नका आणि लेकीला एकटीला हाताळू देऊ नका.

शुभदा_क
ठेवते. तिचा अजून एक प्रश्न आहे, तो मी तसाच लिहिते: "सूर्य बुडताना प्रकाशातला निळा वाटेतच संपतो, तर तेव्हा डोक्यावरचं आकाश पिवळट व्हायला पाहिजे. ते उलट गडद निळं का होतं?" काल गच्चीवर जाऊन तिने खात्री करून घेतली, खरंच निळं होतं.

प्रकाशवाट
लेकीला शाबासकी सांगा. हे टाकीत दाखवता येणार नाही, कारण तिथे विखुरण्याबरोबर ओझोनचं काम आहे. सूर्य बुडताना डोक्यावरच्या हवेत जो प्रकाश पोचतो, तो २०-३० किलोमीटर उंचीवरच्या ओझोनच्या थरातून तिरपा, फार लांबून आलेला असतो. ओझोन पिवळा-नारिंगी थोडासा शोषतो. दुपारी वाट आखूड असल्याने ते जाणवत नाही, सूर्य बुडताना मात्र चांगलंच जाणवतं. अमेरिकेत हलबर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये हा हिशेब मांडला. नुसत्या विखुरण्याने ते आकाश लेक म्हणते तसं पिवळटच आलं असतं.

निवृत्त_मास्तर
हे मला ठाऊक नव्हतं. जांभळ्याचं मात्र अजून मनात आहे, रविवारी लिहितो.