मदत हवी आहे : ४२ लहान कामांना एकच नमुना लावणे योग्य आहे का?

बालाघाट : नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका सामाजिक संस्थेत आम्ही तिघांनी गेल्या वर्षी प्रकल्प कक्ष, म्हणजे पीएमओ, सुरू केला. नाला खोलीकरण, शेततळी, शाळादुरुस्ती अशी २ ते १० लाखांची ४२ कामे एकाच वेळी चालतात. सर्वांना १४ पानांचा एकच नमुना आणि ५ टप्प्यांवर मंजुरी लावली. त्यामुळे ४ लाखांचे एक नाल्याचे काम ऐन मे महिन्यात सह्यांसाठी १९ दिवस थांबले. यंत्र पोहोचेपर्यंत जूनचा पाऊस सुरू झाला आणि काम पुढच्या उन्हाळ्यावर गेले. मासिक अहवालात मात्र ते शेवटपर्यंत ‘हिरवे’, म्हणजे वेळेवर चाललेले, होते. नमुना लहान केला तर देणगीदारांना हिशेब कसा देणार, ही चिंता आहे.

लातूरकर : आधी तांत्रिक मान्यता घ्या, म्हणजे काम अडणार नाही.

बालाघाट : दादा, निधी शासकीय नाही. प्रश्न आमच्याच अंतर्गत मंजुरीचा आहे.

वाळूजवाला : आमच्या कारखान्यात सर्व कामांना एकच फॉर्म असतो. नमुने वेगळे झाले की तुलना संपते. तुम्हीही बदलू नका.

गोदातीर : तुलनेचा मुद्दा खरा आहे, पण तुलनेला कामाचा क्रमांक, जबाबदार व्यक्ती, रक्कम आणि तारखा एवढे रकाने सर्वत्र सारखे असले तरी पुरते, १४ पाने लागत नाहीत. मंजुरी तिथेच ठेवावी, जिथून पुढे गेल्यावर पैसा परत येत नाही. साध्या कामात असे टप्पे दोनच असतात : यंत्र लावण्यापूर्वीचा आणि अंतिम देयकापूर्वीचा. तुमची ३० कामे साधी निघाली तर त्यांच्या ६० आणि उरलेल्या १२ कामांच्या ६०, अशा १२० तपासण्या होतील; आज त्या २१० आहेत. मात्र साधे काम केवळ रकमेवरून ठरवू नये. जागामालकाची लेखी संमती नसलेले २ लाखांचे शेततळेही जोखमीचेच असते.

रंग तर अहवालातून काढूनच टाकावा, कारण तो काम करणाराच भरतो आणि अडचण सांगायला कचरतो. त्याऐवजी पुढील टप्प्याची मूळ तारीख आणि आजची अपेक्षित तारीख शेजारी शेजारी लिहायला लावा. तारीख दुसऱ्यांदा सरकली की कक्षातील एकाने जागेवर जावे. सहीलाही मुदत हवी : तीन दिवसांत उत्तर न आल्यास निर्णय आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावा.

बालाघाट : ताई, संमतीचा मुद्दा आमच्या ध्यानातच आला नव्हता. एक शंका उरते. साध्या कामासाठी ५ लाखांची मर्यादा ठेवली तर ९ लाखांचे काम दोन तुकड्यांत दाखवले जाईल.

गोदातीर : एकाच गावातील, एकाच ठेकेदाराची कामे एकत्र धरून मर्यादा लावा. तरीही पळवाट पूर्ण बंद होत नाही, कारण दुसरा तुकडा दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर टाकला की हा नियम लागू होत नाही. त्यावर नियमाने उपाय मला अजून सापडलेला नाही.

वाळूजवाला : आमच्याकडे असे तुकडे खरेदी विभाग पकडतो. तुमच्याकडे दर कोण ठरवतो?

बालाघाट : प्रत्येक तालुक्याचा पर्यवेक्षक स्वतःच ठरवतो.