मदत हवी आहे : टेक्निकल रायटरच्या रेझ्युमेत ‘कॉल कमी झाले’ हे कसं लिहू?

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत पंपांच्या कंट्रोल पॅनेलची मॅन्युअल्स लिहिते. आता पुण्यात अर्ज करतेय.

जुन्या रेझ्युमेत नुसतं ‘युजर मॅन्युअल, मॅडकॅप फ्लेअर, गिट’ असं होतं. आता प्रत्येक डॉक्युमेंटसमोर वाचक लिहिलाय: इन्स्टॉलेशन गाइड वायरमनसाठी, एरर कोडची एकपानी चित्रमय शीट शेतकऱ्यांसाठी, सर्व्हिस मॅन्युअल आमच्या तंत्रज्ञांसाठी. हे मला पटलंय.

अडलंय ते आकड्यावर. नव्या गाइडआधी वायरिंगबद्दल महिन्याला ६० कॉल यायचे, नंतर ५४. फरक किरकोळ वाटतो, पण विक्री २०० पॅनेलवरून ३०० वर गेली होती. म्हणजे शंभर पॅनेलमागे ३० चे १८ झाले, ४० टक्के घट. मात्र त्याच सुमारास टर्मिनलवरची लेबलंही बदलली, त्यामुळे सगळं श्रेय माझं म्हणणं खोटं ठरेल.

मी असं लिहिलंय: ‘वायरमनसाठी इन्स्टॉलेशन गाइड नव्याने लिहिलं; लेबल बदलासह शंभर पॅनेलमागे वायरिंगचे कॉल ३० वरून १८.’

मुलाखती घेणाऱ्यांनी सांगा, ‘लेबल बदलासह’ रेझ्युमेतच ठेवू की विचारल्यावर सांगू? आणि कंपनीचे कॉलचे आकडे बाहेर देणं चालतं का, की फक्त टक्केवारी द्यावी?