कुंद्याची सोडत: नंबर आणि निकाल

> बक्षीस म्हणून कुंदा द्यायच्या आमच्या सोडतीच्या फॉर्मवर एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी येतात. आणि सोडत खरी झाली हे लोकांना पटवायचं कसं?

मोबाईल नंबर कुणी +91 लावून लिहितो, कुणी मध्ये जागा सोडून. म्हणून गूगल शीटमध्ये आधी शेवटचे दहा अंक काढा, मग जुळवा:

```
=RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(B2),"\D",""),10)
```

पहिली नोंद ठेवा. बेळगाव-निपाणीकडे खिशात दोन सिम असतातच, ती पळवाट यानं बुजत नाही. कुंदा पाठवताना पत्ता ताडून बघा.

मुदत संपताच क्रमांक घातलेली यादी टाका, नंबरचे शेवटचे चारच अंक दाखवून. पुढच्या कुठल्या दिवसाचा सेन्सेक्सचा बंद आकडा धरणार, तेही त्याच वेळी सांगा. समजा नोंदी ४१२ आणि आकडा ८१४३२.१७ आला. टिंब काढून ८१४३२१७ ला ४१२ ने भागा. बाकी ३७, अधिक १, म्हणजे विजेता ३८. हा हिशोब कुणीही घरी करून बघू शकतो. मात्र मागाहून एक नाव जरी वगळलं तरी विजेता बदलू शकतो, तेव्हा तक्रारी यादी टाकण्याआधीच मिटवा.