मदत हवी आहे: साहेबांचे रात्री अकराचे मेसेज

मी कुपवाड एमआयडीसीत डिस्पॅचला आहे, घर सांगलीत. आमचे साहेब माणूस चांगला, पण रात्री अकरा-साडेअकराला मेसेज टाकतात, "उद्याच्या गाडीचं बिल झालं का?" गाडी सकाळी दहाला भरायची असते बघा! चूक माझीच, पहिले दोन महिने लगेच रिप्लाय देत गेलो आणि तीच सवय लागली. परवा झोपलो होतो तर सकाळी ग्रुपवर "रात्री उत्तर नाही" म्हणून सगळ्यांसमोर टाकलं.

आता दोन दिवस एक करतोय, सात वाजता निघतानाच त्यांना पाठवतो की उद्याच्या तीन गाड्या, दोनची बिलं झाली, तिसरीचं सकाळी नऊला करतो. मेसेज कमी झालेत, पण बंद नाहीत. म्हणून असं लिहायचा विचार आहे: "सर, नऊनंतरचे मेसेज सकाळी साडेआठला बघून उत्तर देतो, गाडी अडकली किंवा चेकपोस्टला थांबवली तर थेट फोन करा, रात्री दोनला पण उचलेन."

हे व्हॉट्सअॅपवर पाठवू का चहाला समोरासमोर बोलू? आणि "फोन करा" म्हटल्यावर बिलासाठी पण फोन यायला लागले तर काय करायचं, कुणाला अनुभव आहे का?