शिकाऊ मुलाला दराचं पत्र लिहिलंय, मार्कअप-मार्जिनचा भाग तपासून द्या

महालचा_शिंपी
नमस्कार मंडळी. हाताखाली शिकलेला मुलगा मानेवाड्याला स्वतःचं दुकान टाकून राहिला. कापडासकट शर्टाचा दर त्यानं 840 काढला, माझ्या हिशेबानं तो 1000 हवा. पत्र खाली देतो. समजवायची याहून सोपी रीत असेल तर सुचवा.

चि. बाळा,
तुझी वही पाहिली. कापड 1.6 मीटर, 200 च्या भावानं 320. बकरम, बटणं, धागा 40. कारागिराची शिलाई 190. काज-बटण आणि इस्त्री 20. बिघडलं-उसवलं तर 30. एकूण 600. इथवर हिशेब चोख आहे.

"40 टक्के सुटले पाहिजेत" असं मी म्हणालो, आणि तू 600 वर 40 टक्के चढवून 840 लिहिलेस. गल्ल्यात 840 आले, त्यातले 240 तुझे. हे साडेअठ्ठावीस टक्केच झाले. खर्चावर चढवलं ते मार्कअप, विक्रीतून सुटलं ते मार्जिन. रुपये तेच 240, पण एकदा 600 नं भागतोस आणि एकदा 840 नं.

मला मार्जिन 40 हवं आहे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या शंभर रुपयांत खर्च साठाचा बसला पाहिजे. म्हणून 600 ला 0.60 नं भाग, 1000 येतात. ताळा करून बघ: 1000 तून 600 गेले, 400 उरले.

हे 160 रुपये का सोडायचे नाहीत? तुझं भाडं, लाईट, मशीनची देखभाल मिळून महिन्याला 18,000 आहे. 60 शर्ट गेले तर 240 नं 14,400 येतात, म्हणजे 3,600 खिशातून घालायचे. 400 नं 24,000 येतात. दुकानात गर्दी आणि महिनाअखेरीला हात रिकामा, असं झालं की आधी दराची वही उघड.

आणि सूट देताना जपून. 1000 वर 10 टक्के सोडलेस तर 100 गेले, पण ते तुझ्या 400 मधून गेले. चौथा हिस्सा गेला.

गांधीबाग_कटपीस
काका, इतकी भागाभागी कशाला? दुप्पट केलं की 50 टक्के सुटतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग 40 सुटायला 80 टक्के चढवा. 600 चे 1080. पोट्ट्याच्या लक्षात राहील.

हिशेबनीस_धरमपेठ
भाऊ, दुप्पट केल्यावर 50, हे बरोबर. पण ते प्रमाण खाली तसंच उतरत नाही. 1080 मधले 480 म्हणजे सुमारे 44 टक्के. 40 सुटायला खर्चावर पावणेसदुसष्टच्या आसपास चढवावे लागतात, 80 नाही. तुमच्या रीतीनं 80 रुपये जास्त लागतात, आणि तेवढ्यासाठी गिऱ्हाईक शेजारी जाऊ शकतं. भागण्याची सवय लावलेली बरी: 30 हवे तर 0.70 नं, 25 हवे तर 0.75 नं.

काका, पत्रात एक भर घाला. 18,000 हे शर्ट विको न विको, द्यावेच लागतात. 1000 दरानं 45 शर्टांत ते निघतात, 840 दरानं 75 लागतात. हा आकडा त्याला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगा.

बेसा_ब्लाउजवाली
दादा, माझ्याकडे कापड गिऱ्हाइकाचंच असतं. अस्तर, हुक, धागा धरून 90 रुपये लागतात आणि 350 घेते. म्हणजे 260 सुटले, मार्जिन जवळपास पाऊणशे टक्के. मग मी तर खूपच जास्त घेते का?

महालचा_शिंपी
नाही ताई, उलट असेल. तुमच्या हाताची मजुरी खर्चात धरलीच नाही. तोच ब्लाउज बाहेर कारागिराला दिला तर तो 180 घेईल असं समजा. मग खर्च 270, उरले 80, मार्जिन 23 टक्क्यांच्या आत. स्वतः शिवलं तरी मजुरी आधी लिहायची, नाहीतर गर्दीत कारागीर ठेवला की नफा नाहीसा होतो.

गांधीबाग_कटपीस
80 चं चुकलं, मान्य. पण एक विचारतो. काकांच्या दरात 320 च्या कापडावरही शिलाईइतकंच मार्जिन लागतं. 0.60 नं भागलं तर कापडाचेच 533 होतात. गिऱ्हाईक माझ्याकडे येऊन तेच कापड 200 रुपये मीटरनं पाहून जातं, मग कुरकुर करतं.

हिशेबनीस_धरमपेठ
मुद्दा खरा आहे. कापडावर 15 टक्के मार्जिन ठेवलं तर 320 चे 376 होतात. मग 1000 गाठायला उरलेल्या 280 च्या कामाचे 624 घ्यावे लागतील. कापड घरून आणणारा तेवढी शिलाई देईल का, हे मानेवाड्याचं गिऱ्हाईकच सांगेल.

महालचा_शिंपी
तिथे साध्या शर्टाला 624 शिलाई जड जाईल असं वाटतं. भर घालून पत्र देतो, पण कापड-शिलाई वेगळी लिहायची की एकच दर लावायचा, ते अजून ठरत नाही. तयार शर्टाचा एकच दर लावणारे कोणी असतील तर गिऱ्हाइकाला काय उत्तर देता, ते लिहा.